लायकमिंगची रात्र: पंचाहत्तर माणसं आणि एक डबा व्हॅनिला

प्रिव्हेलन्स, इन्सिडन्स, रिलेटिव्ह रिस्क आणि ऑड्स रेशो. साथरोगशास्त्राच्या तासाला या चार स्लाइड एकामागून एक येतात आणि प्रत्येकीवर एक अपूर्णांक असतो. रत्नागिरीत शिकणारा एमबीबीएसचा विद्यार्थी असो की जिल्ह्याच्या शीघ्र प्रतिसाद पथकात नव्यानं आलेला आरोग्यसेवक, चारही अपूर्णांकांचा अंश त्याला चटकन कळतो. आजारी किती ते मोजायचं आणि वर लिहायचं. गोंधळ होतो तो छेदात. खाली कोणाला बसवायचं, कोणाला उठवायचं आणि कधी? माझ्या मते या चार स्लाइडमध्ये शिकण्यासारखं जे काही आहे, ते या एका प्रश्नात आहे.

तो प्रश्न व्याख्या पाठ करून सुटत नाही. त्यासाठी एक छोटी साथ घड्याळासमोर ठेवून, तासातासानं मोजावी लागते. जगभरच्या साथरोग प्रशिक्षणात यासाठी वापरली जाणारी साथ अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातली आहे. ऑस्विगो परगण्यातलं लायकमिंग हे खेडं, साल १९४०. गावजेवण, घरोघरून आलेले पदार्थ, रात्रभर राहिलेलं दूध आणि मध्यरात्रीच्या उलट्या असा तो प्रकार. कोकणातल्या वाचकाला त्यात अनोळखी वाटेल असं फार थोडं आहे.

बुधवार, १७ एप्रिल १९४०, दुपार. पहिल्या उलटीला साधारण २४ तास

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चर्चच्या तळघरात गावचं सामुदायिक जेवण आहे. आइस्क्रीमची जबाबदारी दोन बहिणींनी घेतली आहे. दूध त्यांच्याच गोठ्यातलं, कच्चं. ते भांडं गरम पाण्यात ठेवून उकळीला आणलं जातं. त्यात साखर पडते, अंडी पडतात, दाटपणासाठी थोडं पीठ पडतं. मिश्रणं दोन केली जातात, एक व्हॅनिलाचं आणि एक चॉकलेटचं.

इथवर चिंतेचं काही नाही. दूध उकळीपर्यंत गेलं म्हणजे त्यातले बहुतेक जंतू मेले. पण अंडी, दूध आणि साखरेचं शिजवलेलं मिश्रण हे स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूचं आवडतं खाद्य. हा जंतू कितीतरी निरोगी माणसांच्या नाकात आणि हाताच्या कातडीवर सहज राहतो. उकळल्यानंतर एखादा चमचा, एखादा हात, एखादी शिंक पुरेशी होते.

त्याच दिवशी संध्याकाळी ६. उरले २१ तास

दोन्ही मिश्रणं झाकणाच्या भांड्यांतून चर्चच्या तळघरात नेली जातात आणि रात्रभर तिथेच राहतात. त्यांना कोणी हात लावल्याचं पुढच्या तपासात दिसलं नाही.

साऱ्या कहाणीतली सर्वांत महत्त्वाची रात्र हीच, आणि या रात्री कोणीच आजारी नाही. जंतू वाढायला वेळ हवा, ऊब हवी, आणि त्या काळात ते अन्नात विष सोडत राहतात. या विषाचा एक गुण प्रत्येक आचाऱ्याला ठाऊक असायला हवा. ते उष्णतेला दाद देत नाही. जंतू तयार होऊन विष सोडून बसला की नंतर पदार्थ पुन्हा उकळला तर जंतू मरतो, विष तसंच राहतं. गोठवल्यानंही ते जात नाही. आंब्याच्या दिवसांत रत्नागिरीत रात्री बाहेर राहिलेली बासुंदी सकाळी पुन्हा उकळून वाढली, तर धोका याच कारणानं राहतो.

गुरुवार, १८ एप्रिल, सकाळ

गावातले एक गृहस्थ व्हॅनिलाच्या मिश्रणात पाच औंस व्हॅनिला इसेन्स आणि आटवलेल्या दुधाचे दोन डबे घालतात. चॉकलेटच्या मिश्रणात तीन औंस इसेन्स आणि एक डबा. मग व्हॅनिलाचं मिश्रण विजेवरच्या यंत्रात वीस मिनिटं गोठवलं जातं आणि उकळत्या पाण्यानं धुतलेल्या दुसऱ्या डब्यात भरलं जातं. यंत्राचा रिकामा झालेला डबा नळाच्या पाण्यानं खंगाळून त्यात चॉकलेटचं मिश्रण जातं. तेही वीस मिनिटं गोठतं आणि त्याच डब्यात राहतं. दोन्ही डबे झाकून, लाकडी पिंपात बर्फ भरून त्यात ठेवले जातात.

हा तपशील लक्षात असू द्या. कागदावर पाहिलं तर जास्त स्वच्छ डबा व्हॅनिलाला मिळाला होता.

सकाळी ११. उरले ४ तास

आठ वर्षांचा एक मुलगा जेवणाच्या कितीतरी आधी व्हॅनिला आइस्क्रीम खातो.

दुपारी ३. पहिला रुग्ण

त्या मुलाला त्रास सुरू होतो. खाल्ल्यापासून बरोबर चार तासांनी.

इथे पहिली स्लाइड लावू. पुढे ज्यांच्या मुलाखती झाल्या ते ७५ जण म्हणजे आपली लोकसंख्या असं धरू. दुपारी तीनच्या ठोक्याला त्यातले किती आजारी आहेत? एक. १ भागिले ७५, म्हणजे १.३ टक्के. हा झाला प्रिव्हेलन्स. घड्याळ एका क्षणी थांबवायचं, सगळ्यांना एका ओळीत उभं करायचं, आणि त्या क्षणी आजारी असलेले मोजायचे. आजार केव्हा सुरू झाला हे प्रिव्हेलन्स विचारत नाही. या क्षणी तो आहे की नाही, एवढंच तो विचारतो.

त्या दुपारी तीनला कोणी मोजायला बसलेलं नव्हतं. एका मुलाला उलट्या झाल्या, एवढंच घरच्यांना दिसलं असणार. साथ म्हणायला तुलना लागते, आणि एका आकड्याला तुलना नसते. तरीही मागं वळून पाहताना हाच रुग्ण तपासाला सर्वांत मोठा धागा देतो. संध्याकाळच्या जेवणाआधीच आजारी पडलेल्या माणसानं संध्याकाळच्या ताटातलं काही खाल्लेलं असू शकत नाही. साथीच्या आलेखावर असा एकटा, बाजूला पडलेला ठिपका दिसला की शिकाऊ माणूस तो चूक म्हणून खोडायला जातो. आधी त्या माणसाला भेटून विचारायचं असतं.

संध्याकाळी ६ ते रात्री ११. जेवण

तळघरात मेजावर ताटं मांडली आहेत. भाजलेलं हॅम, पालक, बटाट्याचा लगदा, कोबीची कोशिंबीर, जेली, पाव, केक, कॉफी आणि दोन्ही आइस्क्रीम. सुमारे ८० माणसं येतात. पंगत एकदम बसत नाही. कोणी साडेसहाला जेवतं, कोणी साडेसातला, कोणी दहाला. अन्न तासन्‌तास मेजावर राहतं.

नऊपासून माणसं आजारी पडू लागतात. मळमळ, उलट्या, जुलाब, पोटात कळा. ताप कोणालाच नाही. शेवटचे लोक जेवत असतात तेव्हा आधी जेवलेले घरी जाऊन ओकत असतात.

मध्यरात्रीचा ठोका पडण्याआधी आजार सुरू झालेले, दुपारच्या मुलासकट, २० जण होतात.

आता दुसरी स्लाइड. ७५ निरोगी माणसांपासून सुरुवात केली, त्यातले २० मध्यरात्रीपूर्वी नव्यानं आजारी पडले. २० भागिले ७५, २७ टक्के. हा इन्सिडन्स, ठरावीक काळात नव्यानं आजारी पडलेल्यांचं प्रमाण. इथे काळाचा उल्लेख सोडला तर आकड्याला अर्थच राहत नाही. नुसतं ‘इन्सिडन्स २७ टक्के’ असं अहवालात लिहिलेलं मी अनेकदा पाहतो, आणि प्रत्येक वेळी विचारावंसं वाटतं, किती तासांत?

शुक्रवार, १९ एप्रिल, मध्यरात्र ते पहाटे ३

हे तीन तास सर्वांत वाईट. रात्री दहाला एकत्र जेवलेल्यांपैकी आठ जण, बहुतेक शाळकरी वयाचे, एकच्या सुमारास जवळपास एकदमच आजारी पडतात. जेवणापासून तीन तास. ज्यांच्या जेवणाची वेळ नक्की कळली असे २२ रुग्ण निघाले. त्यांच्यात खाणं आणि त्रास यांतलं अंतर तीन ते सात तास होतं, मध्यक चार तास. ताप नाही, अंतर इतकं कमी, उलट्यांवर भर. प्रयोगशाळेत काही जाण्याआधीच अनुभवी डॉक्टर म्हणेल की हा जंतूचा संसर्ग नसावा, अन्नात आधीच तयार झालेलं विष असावं. साल्मोनेलासारखा जंतू पोटात जाऊन वाढायचा तर सहसा याहून जास्त वेळ घेतो आणि बऱ्याचदा ताप आणतो.

पहाटे तीनपर्यंत आणखी २५ जण आजारी झालेले असतात. एकूण ४५.

मध्यरात्र ते तीन या काळातला इन्सिडन्स किती, असं वर्गात विचारलं की उत्तर येतं २५ भागिले ७५. इथेच छेद चुकतो. मध्यरात्री २० जण आधीच आजारी होते. त्यांना याच आजारानं पुन्हा नव्यानं आजारी पडणं शक्य नव्हतं. ते धोक्याच्या रांगेतून उठलेले होते. रांगेत उरले ५५. म्हणून २५ भागिले ५५, म्हणजे ४५ टक्के. पहिल्या पद्धतीनं ३३ टक्के येतात आणि मध्यरात्रीनंतरचा वेग प्रत्यक्षापेक्षा बराच कमी दिसतो. मध्यरात्री धडधाकट असलेल्या जवळजवळ निम्म्या माणसांना पुढच्या तीन तासांत साथीनं गाठलं, हे खरं चित्र दुसऱ्या छेदातूनच दिसतं.

प्रिव्हेलन्सचं तसं नाही. पहाटे तीनला सगळ्या ७५ जणांना ओळीत उभं करायचं. तोवर कोणी बरं झालेलं नाही असं धरलं तर ४५ भागिले ७५, ६० टक्के. आजारी आणि निरोगी, दोघंही छेदात बसतात.

सकाळी १०.३०. शेवटचा रुग्ण

बत्तीस वर्षांची एक बाई. सगळ्यांच्या कितीतरी नंतर. त्या केव्हा जेवल्या याची नोंद नाही. उशिरा घरी नेलेलं आइस्क्रीम खाल्लं असेल, घरातल्या आजाऱ्याकडून दुसरंच काही लागलं असेल किंवा वेळ चुकीची सांगितली गेली असेल. आलेखाच्या या टोकालाही एक एकटा ठिपका राहतो.

एकूण रुग्ण ४६. ७५ पैकी ४६, म्हणजे ६१ टक्के. जेवणाच्या साथीत याला अटॅक रेट म्हणतात. नाव वेगळं असलं तरी हा इन्सिडन्सच आहे, साऱ्या साथीच्या काळाचा.

सगळे २४ ते ३० तासांत बरे झाले. म्हणजे २० एप्रिलच्या रात्री कोणी गावात प्रिव्हेलन्स मोजायला गेलं असतं तर उत्तर शून्य आलं असतं. जेवणाऱ्यांतले ६१ टक्के आजारी पडून गेले आणि दोन दिवसांनी त्याचा मागमूस नाही. थोडक्या काळाच्या आजारात प्रिव्हेलन्स असा निसटून जातो. मधुमेहात उलट घडतं. वर्षभरात नवे रुग्ण थोडे, पण एकदा लागलेला आजार जात नाही, म्हणून प्रिव्हेलन्स साचत जातो. जिल्ह्याला औषधं किती लागतील हे विचारायचं तर प्रिव्हेलन्स पाहावा. आजार कशामुळे होतोय हे शोधायचं तर इन्सिडन्सशिवाय गत्यंतर नाही.

त्याच दिवशी. तपास सुरू

गावचा आरोग्य अधिकारी सिरॅक्यूजच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याला कळवतो. प्रशिक्षण घेणारे साथरोगतज्ज्ञ डॉ. ए. एम. रुबिन यांना पाठवलं जातं. आजारी पडलेले सगळे आदल्या रात्री चर्चमध्ये जेवले होते आणि त्यांच्या घरातले जे जेवायला गेले नव्हते ते ठणठणीत होते. त्यामुळे तपास त्या जेवणापुरता मर्यादित करता आला.

मग रुबिन यांनी जे केलं त्यामुळे ही साथ पुस्तकात गेली. ते आजाऱ्यांकडे गेले, तसे निरोग्यांकडेही गेले. ८० पैकी ७५ जणांना भेटून प्रत्येकाला प्रत्येक पदार्थाविषयी विचारलं, खाल्लास की नाही. पाच जण भेटले नाहीत. ते पाचही निरोगी असते तर अटॅक रेट ५८ टक्के झाला असता, पाचही आजारी असते तर ६४. इतक्या थोड्या फरकानं निष्कर्ष हलत नाही.

आजाऱ्यांपुरतंच विचारलं असतं तर काय झालं असतं पाहा. ४६ आजाऱ्यांपैकी २९ जणांनी हॅम खाल्लं होतं. ६३ टक्के. मांसाचा पदार्थ, तासन्‌तास मेजावर. गावानं हॅमलाच दोष दिला असता. पण निरोगी २९ जणांपैकी १७ जणांनीही हॅम खाल्लं होतं. मांडणी अशी करा. हॅम खाणारे ४६, त्यातले आजारी २९, म्हणजे ६३ टक्के. न खाणारे २९, त्यातले आजारी १७, म्हणजे ५९ टक्के. खाल्लं काय, न खाल्लं काय, धोका जवळपास सारखाच. दोन धोक्यांचा भागाकार साधारण १.१. हा रिलेटिव्ह रिस्क, म्हणजे तिसरी स्लाइड, आणि तो १ च्या जवळ आला की तो पदार्थ संशयातून सुटतो. पालक, बटाटा, कॉफी, सगळे असेच सुटले.

व्हॅनिला आइस्क्रीम खाणारे ५४, त्यातले आजारी ४३. ८० टक्के. न खाणारे २१, त्यातले आजारी ३. १४ टक्के. ७९.६ ला १४.३ नं भागा. ५.६. ज्यांनी व्हॅनिला खाल्लं त्यांचा आजारी पडण्याचा धोका न खाणाऱ्यांच्या साडेपाच पटीहून जास्त. बाकी कुठलाच पदार्थ याच्या आसपासही पोचत नाही.

आता चॉकलेट. खाणाऱ्या ४७ जणांपैकी २५ आजारी, ५३ टक्के. न खाणाऱ्या २७ जणांपैकी २० आजारी, ७४ टक्के. रिलेटिव्ह रिस्क ०.७२, एकापेक्षा कमी. मग चॉकलेटनं लोकांना वाचवलं का? मेजावर दोन आइस्क्रीम होती. ज्यानं चॉकलेट घेतलं त्यानं व्हॅनिला कमी घेतलं किंवा घेतलंच नाही, एवढंच हा आकडा सांगतो. रोगापासून रक्षण करणारा पदार्थ सापडला असं वाटावं असे आकडे साथींच्या तक्त्यात नेहमी येतात, आणि बहुतेक वेळा ते खऱ्या दोषी पदार्थाची सावली असतात.

तीन जणांनी व्हॅनिला न खाता आजार ओढवून घेतला. विस्मरण, चमच्यावरून चाखणं, भांड्यांची सरमिसळ किंवा निव्वळ दुसऱ्या कारणाची पोटदुखी, काहीही असू शकतं. अकरा जण खाऊनही धड राहिले. विष सगळ्या डब्यात सारखं पसरलेलं नसतं आणि प्रत्येकानं सारखं खाल्लेलं नसतं. पण या तीन माणसांवर सगळा आकडा किती टेकलेला आहे, हे एकदा करून पाहावं. त्यातल्या एकानं नंतर आठवून सांगितलं की मी दोन चमचे व्हॅनिला खाल्लं होतं, तर खाणारे ५५ पैकी ४४, न खाणारे २० पैकी २. ८० टक्के आणि १० टक्के. रिलेटिव्ह रिस्क ५.६ वरून ८ वर जातो. एका माणसाच्या आठवणीनं. म्हणून छोट्या साथीत हा आकडा दशांशापर्यंत नेऊन त्यावर भांडू नये. व्हॅनिला दोषी आहे, हे मात्र दोन्ही हिशेबांत तितकंच ठाम आहे.

चौथी स्लाइड, तीच माणसं

ऑड्स रेशो याच चार आकड्यांतून निघतो. व्हॅनिला खाणाऱ्यांत आजारी ४३, निरोगी ११. न खाणाऱ्यांत आजारी ३, निरोगी १८. इथे आजाऱ्यांना एकूण माणसांनी भागायचं नाही, निरोग्यांनी भागायचं. ४३ भागिले ११ म्हणजे ३.९. ३ भागिले १८ म्हणजे ०.१७. दोन्हींचा भागाकार:

(४३ × १८) ÷ (११ × ३) = २३.५

तीच रात्र, तीच माणसं, तेच आइस्क्रीम. रिलेटिव्ह रिस्क ५.६ आणि ऑड्स रेशो २३.५. दोन्ही गणितं बरोबर आहेत. चूक तेव्हा होते जेव्हा कोणी अहवालात लिहितो की ‘व्हॅनिला खाणाऱ्यांना धोका साडेतेवीस पट’. न खाणाऱ्यांचा धोका १४.३ टक्के होता. त्याच्या साडेतेवीस पट म्हणजे ३३६ टक्के, आणि कोणताही धोका शंभर टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही. एवढी एक पडताळणी केली तरी ही चूक हाताशी सापडते.

फरक इतका का पडतो? कारण आजारी माणसं फार आहेत. एकूण ५४ ऐवजी निरोगी ११ छेदात बसवले की छेद एक पंचमांशावर येतो आणि अपूर्णांक फुगतो. आजार विरळ असेल तर निरोगी माणसं जवळपास एकूण माणसांइतकीच असतात आणि दोन्ही आकडे जवळ येतात. मुंबईचंच एक जुनं उदाहरण घ्या. जानेवारी १८९७ मध्ये प्लेगच्या साथीत वाल्देमार हाफकिन यांनी स्वतःवर लस टोचून घेतली आणि मग भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेनं तयार झालेल्या कैद्यांना ती दिली. न टोचलेल्या १७२ जणांत प्लेगचे १२ रुग्ण निघाले, टोचलेल्या १४७ जणांत २. धोके ७ टक्के आणि १.४ टक्के, रिलेटिव्ह रिस्क ५.१. ऑड्स रेशो काढला तर ५.४. इथे कोणता आकडा सांगितला यानं फारसा फरक पडत नाही. लायकमिंगमध्ये पडतो, कारण तिथे निम्म्याहून जास्त माणसं आजारी होती.

मग साध्या, सरळ रिलेटिव्ह रिस्कला सोडून ऑड्स रेशोकडे जायचं कशाला? रत्नागिरी जिल्ह्यात काम करणाऱ्याला याचं उत्तर दर वर्षी भेटतं. गणपतीतला महाप्रसाद किंवा मेमधलं लग्न डोळ्यांसमोर आणा. पानावर किती जण बसले याची यादी नसते. बातमी आरोग्यसेविकेपर्यंत पोचते तोवर अर्धे चाकरमानी कोकण रेल्वेनं किंवा एसटीनं मुंबईला परतलेले असतात. रुग्णालयात आलेले आजारी हाताशी असतात, निरोगी मात्र विखुरलेले असतात. म्हणजे छेदच गाडीत बसून गेलेला असतो. अशा वेळी आजाऱ्यांची यादी घ्यायची, त्याच जेवणाला आलेले काही निरोगी शोधायचे आणि दोघांना तेच प्रश्न विचारायचे. हा केस-कंट्रोल अभ्यास.

लायकमिंगवरच तो करून पाहू. समजा रुबिन यांना ४६ आजारी सगळे भेटले, पण २९ निरोग्यांपैकी दहाच सापडले, आणि त्यात व्हॅनिला खाणारे ४, न खाणारे ६. साधारण मूळ प्रमाणातच. आता कोणी घाईत रिलेटिव्ह रिस्क काढला तर खाणाऱ्यांत ४७ पैकी ४३ आजारी, ९१ टक्के. न खाणाऱ्यांत ९ पैकी ३, ३३ टक्के. भागाकार २.७. खरा आकडा ५.६ होता, तो निम्म्यावर आला. कारण ९१ आणि ३३ हे धोके खरे नाहीतच. किती निरोगी शोधायचे हे तपासणाऱ्यानं ठरवलं, साथीनं ठरवलं नाही. वीस निरोगी शोधले असते तर हे टक्के पुन्हा बदलले असते.

ऑड्स रेशो काढा. (४३ × ६) ÷ (४ × ३) = २१.५. पूर्ण गावाच्या हिशेबात २३.५ आला होता, इथे साडेएकवीस. निरोगी कमी सापडले तरी खाणारे आणि न खाणारे यांचं त्यांच्यातलं प्रमाण टिकून राहिलं, आणि ऑड्स रेशोला तेवढंच लागतं. ज्या जागी रिलेटिव्ह रिस्क कोसळला त्या जागी तो उभा राहिला. मात्र एक अट आहे. ते दहा निरोगी त्याच मांडवातले हवेत. बाजारात भेटलेल्या, जेवणाला न गेलेल्या दहा जणांना निरोगी म्हणून घेतलं, तर त्यातल्या एकानंही आइस्क्रीम खाल्लेलं नसेल, आणि हॅमही खाल्लेलं नसेल. मग प्रत्येक पदार्थ दोषी दिसू लागेल.

म्हणून साथीच्या फॉर्मवर पहिला रकाना मी नेहमी यादीचा ठेवायला सांगतो. जेवणाला आलेल्यांची यादी आचाऱ्याकडून, यजमानाकडून, आहेराच्या वहीतून मिळाली आणि मुंबईला गेलेल्यांना फोनवर विचारता आलं, तर छेद परत मिळतो आणि रिलेटिव्ह रिस्क काढता येतो. यादी मिळालीच नाही तर केस-कंट्रोल करून ऑड्स रेशो द्यावा, आणि अहवालात त्याला ‘ऑड्स रेशो’ असंच लिहावं, त्यापुढे ‘पट धोका’ असे शब्द जोडू नयेत.

अल्बानीचा निकाल

दोन्ही आइस्क्रीमचे नमुने अल्बानीच्या राज्य प्रयोगशाळेत गेले. व्हॅनिलात स्टॅफिलोकॉकसचे जंतू प्रचंड संख्येनं सापडले, ऑरियस आणि अल्बस, दोन्ही. चॉकलेटमध्ये थोडेच. तक्त्यातल्या ५.६ नं ज्याच्याकडे बोट दाखवलं होतं त्याच डब्यात. रुग्णांच्या शौचाचे नमुने मात्र कोणी घेतलेच नव्हते, त्यामुळे आजाऱ्यांच्या शरीरातून पुरावा मिळाला नाही.

आइस्क्रीम हाताळणाऱ्या सगळ्यांची तपासणी झाली. कोणाच्या हातावर जखम नव्हती, कोणाला सर्दी-खोकला नव्हता. मिश्रण बनवणाऱ्या दोन बहिणींच्या नाक-घशातले नमुने घेतले. एकीच्या नाकात स्टॅफिलोकॉकस ऑरियस सापडला. पण तो अनेक निरोगी माणसांच्या नाकात असतो आणि दोन्ही मिश्रणं त्याच हातांनी, त्याच दुपारी, त्याच दुधातून झाली होती. एक बिघडलं, दुसरं जवळपास बिघडलं नाही. दोन्ही तळघरात एकाच रात्री शेजारी होती, आणि सकाळी उकळत्या पाण्यानं धुतलेला डबा व्हॅनिलालाच मिळाला होता. जंतू १७ तारखेची संध्याकाळ आणि १८ तारखेची सकाळ यांच्या दरम्यान शिरले असावेत, इथवर तपास पोचला. ते व्हॅनिलातच का शिरले, याचं स्पष्टीकरण अहवालात नाही.